१ ते १०० लिहिताना ७ हा अंक किती वेळा येतो? मोजताना या चुका टाळा

उत्तर आधीच सांगून टाकतो, २० वेळा. पण हाच प्रश्न चार जणांना विचारला तर १०, ११, १९, २० अशी चार उत्तरं येतात, आणि गंमत म्हणजे चुकीचं उत्तर नीट बघितलं की कुठे घसरलं ते बऱ्याचदा लगेच कळतं.

तुमचं उत्तर १० आलं असेल तर तुम्ही फक्त एकक बघितलाय. म्हणजे ७, १७, २७ करत ९७ पर्यंत गेलात, दर दहा आकड्यांमागे एक सात, झाले दहा. पण सत्तरीतल्या आकड्यांत दशकाच्या जागीही सात असतो ना, ७०, ७१, ७२ पासून ७९ पर्यंत, ते दहा राहूनच गेले. ११ आलं असेल तर बहुतेक ७७ मधला जास्तीचा सात तेवढा लक्षात आला किंवा फक्त ७० धरला आणि बाकीची सत्तरी सुटली.

आता १९. हे उत्तर सगळ्यात जास्त बघायला मिळतं आणि याची कारणं दोन आहेत, म्हणून जरा थांबून बघू.

पहिलं कारण ७७. एककाच्या यादीत ७७ आला, मग सत्तरीच्या यादीत परत आला, आणि आपल्याला वाटतं अरे हा तर मोजलाय, म्हणून काढून टाकतो. पण प्रश्न अंक किती वेळा लिहिला असा आहे, आणि ७७ लिहिताना पेन दोनदा सात काढतं, त्यामुळे तो दोन्ही यादीत राहिलाच पाहिजे. "सात असलेल्या संख्या किती" असं विचारलं असतं तर १९ अगदी बरोबर होतं. प्रोग्राम लिहिणारेही इथेच अडकतात:

```python
sum('7' in str(n) for n in range(1, 101))       # 19
sum(str(n).count('7') for n in range(1, 101))   # 20
```

पहिली ओळ फक्त सात आहे की नाही एवढंच विचारते, दुसरी किती आहेत ते मोजते.

दुसरं कारण खास आपल्या मराठीचं आहे आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. आपण मनात बोलत मोजतो, सत्तर, एकाहत्तर, बहात्तर, आणि कान "हत्तर" च्या मागे जातो. अठ्ठ्याहत्तर झालं की पुढे येतं एकोणऐंशी, त्यात सत्तरचा मागमूसही नाही, म्हणून ७९ सुटतो. उलट ६९ म्हणजे एकोणसत्तर, नावात चक्क सत्तर पण लिहिताना सहा आणि नऊ, सात कुठेच नाही. आता बघा काय होतं, फक्त ७९ सुटला तर उत्तर १९, फक्त ६९ चुकून घुसला तर २१, आणि दोन्ही चुका एकदम झाल्या तर उत्तर येतं बरोब्बर २०! म्हणजे उत्तर बरोबर पण यादी चुकीची, आणि ही चूक कधी सापडतच नाही. म्हणून बोलत मोजू नका, आकडे लिहून काढा. १९ आलं तर सत्तरीची यादी उघडून बघा, ७९ नसेल तर कारण कान आहे, ७९ असेल पण ७७ नसेल तर कारण पहिलं. १८ आलं तर बहुधा दोन्ही.

खात्री करायची असेल तर एक सोपी युक्ती आहे. ०० पासून ९९ पर्यंत सगळे दोन अंकी लिहिलेत असं समजा, ०७ वगैरे धरून. १०० संख्या, प्रत्येकी दोन अंक, एकूण २०० अंक, आणि दहाही अंकांना सारखाच वाटा, म्हणजे प्रत्येकी २०. पुढचं शून्य पुसलं आणि ०० च्या जागी १०० घेतला तरी सातांना धक्का लागत नाही. धक्का लागतो तो १ ला आणि ० ला, १०० मुळे १ हा २१ वेळा येतो आणि शून्य फक्त ११ वेळा, त्यामुळे सातावरून पाहून एकाचंही उत्तर २० ठोकू नका.

आणि हा सारखा वाटा पूर्ण शंभर असेल तरच चालतो हं. १ ते ७५ विचारलं तर शंभराला २० म्हणून पाऊणशेला १५ असं काढतात काहीजण, ते चूक. एककात ७ पासून ६७ पर्यंत सात वेळा, दशकात ७० ते ७५ सहा वेळा, मिळून १३.