वर्कशीटच्या फोटोत बाईंचे शेरे प्रश्न बनू नयेत म्हणून

वर्कशीटचा फोटो काढून त्यातला मजकूर मोबाइलवर उचलला, की समासातले शेरेही प्रश्नांत मिसळतात. मालवणातल्या आमच्या शेजारच्या मुलीच्या पानावर छापील गणितं पाच, उचललेल्या मजकुरात निघाली सात. प्रश्न २ शेजारचा लाल ‘3/5’ म्हणजे पाचपैकी तीन गुण, तो अपूर्णांकाचं गणित ठरला. ‘पान 32 परत कर’ हे वेगळंच गणित झालं. आणि पावसात सादळलेल्या कागदावरच्या बुरशीच्या ठिपक्याने 25 चे 2.5 केले! हा ठिपका सगळ्यात घातक, कारण आकडा चुकीचा वाटतच नाही.

1. पानाखाली काळा किंवा गडद कागद ठेवा, म्हणजे मागची छपाई उमटत नाही.
2. फोटो रंगीतच काढा. स्कॅनच्या काळ्या-पांढऱ्या फिल्टरमध्ये लाल शाईही काळी होते आणि शेरा छापील मजकुरासारखा दिसतो.
3. समास क्रॉप करा. ओळींच्या मधला शेरा राहिला, तर फोटोच्या एडिटमध्ये पांढऱ्या ब्रशने झाका.
4. मजकूर उचलल्यावर प्रश्नांचे क्रमांक आणि एकूण संख्या मूळ पानाशी जुळवा. दशांशचिन्ह दिसलं, की कागदावर बोट ठेवून खात्री करा.

मात्र क्रॉप करण्याआधी समास एकदा वाचाच. बाई कधी तिथेच छपाईची चूक सुधारतात किंवा ‘प्र. 4 सोडू नका’ असं लिहितात. अशी सूचना आधी वहीत उतरवून घ्या.