कोलिस्टिनची एमआयसी: प्लेट कशी लावावी, कशी वाचावी

मे महिन्यात आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या लहानशा लॅबमध्ये एका शेतकऱ्याच्या रक्तातून क्लेब्सिएला न्यूमोनी वाढला. बाकीची बहुतेक औषधं निकामी ठरली होती आणि डॉक्टर विचारत होते, "कोलिस्टिन चालेल का?" याचं उत्तर डिस्क ठेवून देऊ नये. कोलिस्टिनचा रेणू मोठा असतो, तो अगारमध्ये नीट पसरत नाही, म्हणून डिस्कभोवतीचं वर्तुळ फसवतं. इथे ब्रॉथ मायक्रोडायल्युशन करावं, म्हणजे द्रव माध्यमात औषध पायरीपायरीने पातळ करून जिवाणू वाढतो का ते बघावं. जिवाणूची डोळ्यांना दिसणारी वाढ थांबवणारं औषधाचं सर्वात कमी प्रमाण म्हणजे एमआयसी, आणि आपल्याला तोच आकडा हवा आहे.

औषधाची ओळ. पावडर कोलिस्टिन सल्फेटची घ्या. इंजेक्शनची कुपी चालत नाही, कारण त्यातलं मिथेनसल्फोनेट हे रूप स्वतः काम करत नाही, ते आधी कोलिस्टिनमध्ये बदलावं लागतं. डब्यावरची पोटन्सी बघूनच वजन करा. ती मिलिग्रॅमला 800 मायक्रोग्रॅम असेल, तर 10 मिली पाण्यात 12.5 मिलिग्रॅम विरघळवल्यावर मिलीला 1000 मायक्रोग्रॅमचा साठा मिळतो. त्यातले 0.32 मिली घेऊन कॅटायन-अ‍ॅडजस्टेड म्युलर-हिंटन ब्रॉथने 10 मिली करा, म्हणजे मिलीला 32 मायक्रोग्रॅम झाले.

प्लेट साध्या पॉलिस्टायरीनची असावी. पहिल्या वेलमध्ये हे द्रावण 100 मायक्रोलिटर घाला, दुसऱ्या ते आठव्या वेलमध्ये नुसता ब्रॉथ 50-50. आता पहिल्यातले 50 दुसऱ्यात, मिसळून दुसऱ्यातले 50 तिसऱ्यात, असं आठव्यापर्यंत जा आणि शेवटचे 50 टाकून द्या. दर वेळी टिप बदला. जुन्या टिपला चिकटलेलं औषध पुढची सगळी ओळ बिघडवतं. नवव्या वेलमध्ये 50 ब्रॉथ ठेवा, तिथे औषधाविना जिवाणू वाढवायचा आहे. दहाव्यात 100 ब्रॉथ, तिथे काहीच वाढता कामा नये.

जिवाणू मोजून घाला. ताज्या वसाहती सलाइनमध्ये मिसळून 0.5 मॅकफार्लंडइतका गढूळपणा आणा. त्यातले 0.1 मिली 9.9 मिली ब्रॉथमध्ये टाका आणि पहिल्या नऊ वेलमध्ये 50-50 मायक्रोलिटर घाला. औषध निम्मं पातळ होतं, म्हणून ओळ आता 16, 8, 4, 2, 1, 0.5, 0.25, 0.125 अशी झाली. मिलीत सुमारे 5 लाख जिवाणू हवेत. जास्त पडले तर एमआयसी खोटी वर चढते, कमी पडले तर खोटी खाली येते. म्हणून नवव्या वेलमधले 10 मायक्रोलिटर लगेच 10 मिली सलाइनमध्ये टाकून त्यातले 0.1 मिली अगारवर पसरवा. दुसऱ्या दिवशी 50च्या आसपास वसाहती दिसल्या तर मोजमाप बरोबर. आमच्या 46 आल्या.

तापमान. प्लेट झाकून 35 अंशांवर 16 ते 20 तास ठेवायची. इथे विदर्भातला उन्हाळा आडवा येतो. साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. खोलीतच 40 अंश असतील तर आतही तेवढेच राहणार. आमची पहिली प्लेट अशीच गेली: नवव्या वेलमध्ये वाढ विरळ, आणि कडेच्या वेलमधलं पाणी आटलेलं. पाणी आटलं की औषध घट्ट होतं, म्हणून त्या प्लेटचं वाचन आम्ही केलंच नाही. दुसरी आम्ही थंडही करणाऱ्या बीओडी इन्क्युबेटरमध्ये ठेवली, बंद डब्यात, शेजारी ओला कापूस ठेवून.

वाचन. आधी नववा आणि दहावा वेल बघा. नववा गढूळ आणि दहावा स्वच्छ असेल तरच पुढे जा. सोबत लावलेला नियंत्रक ई. कोलाय एटीसीसी 25922 हा 0.25 ते 2 मध्ये आला पाहिजे, आमचा 0.5 आला. मग प्लेट उजेडात धरून खालून बघा. वेलच्या तळाशी पांढरी टिकली किंवा गढूळपणा म्हणजे वाढ.

रुग्णाच्या ओळीत 16, 8, 4 स्वच्छ होते, 2 मध्ये टिकली होती, 1 स्वच्छ, आणि 0.5पासून पुढे पुन्हा वाढ. मधला 1 चा स्वच्छ वेल बघून एमआयसी 1 लिहायचा मोह आवरा. असा एकच वेल सुटला असेल तर वरचा आकडा धरतात, म्हणजे 4. दोन सुटले तर निकाल देऊ नये, चाचणी पुन्हा लावावी.

सीएलएसआय या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या 2020पासूनच्या निकषांत क्लेब्सिएलासाठी कोलिस्टिन 2 किंवा कमी आलं तर 'इंटरमीजिएट', 4 किंवा जास्त आलं तर 'रेझिस्टंट'. 'संवेदनशील' हा वर्गच ठेवलेला नाही. या पद्धतीत एक पायरी इकडेतिकडे होणं नेहमीचं, आणि आमचा 4 नेमका सीमेवर. म्हणून पुन्हा लावली. पुन्हा 4 आला, या वेळी एकही वेल न सुटता.

रिपोर्ट बघून डॉक्टरांनी विचारलं, "जेंटामायसिन 2 आहे आणि सिप्रो 1, मग सिप्रो बरं ना?" उलट आहे. प्रत्येक औषधाची सीमा वेगळी: या जिवाणूसाठी जेंटामायसिन 2 पर्यंत चालतं, सिप्रो 1 वरच रेझिस्टंट होतं. आकडे एकमेकांशी नाही, ज्याच्या त्याच्या सीमेशी ताडायचे. रिपोर्टवर कोलिस्टिनपुढे आम्ही '4, रेझिस्टंट' लिहिलं आणि जेंटामायसिनकडे बोट दाखवलं.