चवथ कुठल्या महिन्यात, ते आधी बघा

म्हापशात माझं कपड्यांचं दुकान आहे. पुढच्या वर्षाचं विक्रीचं बजेट मांडायला बसायच्या आधी काय हाताशी हवं, ते लिहून ठेवतोय, कारण २०२५ मध्ये मी स्वतः माती खाल्ली.

मागच्या दोन वर्षांची बिलं हवीत, हे सांगायला नको. जीएसटी वजा करा, परत आलेला माल वजा करा.

दारातली माणसं मोजायची ती डोकी नव्हे, घोळके. आई, दोन मुली आणि कंटाळलेला बाप, मिळून बिल एकच. दाराशी पोरगा वहीत घोळक्यामागे एक काठी ओढतो. साध्या दिवशी ९० काठ्या आणि ३० बिलं, बिल सरासरी ८०० चं, म्हणजे २४,००० रुपये. शुक्रवार वेगळाच मोजा. बाजारामुळे १६० घोळके शिरतात, पण बिलं ४० च आणि तीही ७०० ची, म्हणजे २८,०००. शुक्रवारची गर्दी धरून अख्खा महिना फुगवू नका. रविवारी बंद, म्हणून साधा आठवडा १,४८,००० चा.

आता चवथ. २०२४ मध्ये ती ७ सप्टेंबरला होती, खरेदीचा जोर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. मी तीच महिन्यांची टक्केवारी उचलून २०२५ ला चिकटवली. चवथ आली २७ ऑगस्टला! गिऱ्हाईक दारात आणि मुलांचे कुर्ते वाटेवर. गठ्ठे सुटले तेव्हा गणपती विसर्जन होऊन गेले होते, आणि सप्टेंबरभर मी तो माल झटकत बसलो.

म्हणून महिना नको, चवथीपासून मागे आठवडे मोजा. आमच्याकडे शेवटचा आठवडा साध्याच्या अडीचपट, त्याआधीचा दीडपट. म्हणजे ३,७०,००० आणि २,२२,०००. २०२६ ला चवथ १४ सप्टेंबरला, तेव्हा हे आठवडे ३१ ऑगस्टपासून १३ सप्टेंबरपर्यंत. जवळजवळ सगळं सप्टेंबरात, ऑगस्टात एकच दिवस. मागचा ऑगस्ट बघून या ऑगस्टचं बजेट लावलंत तर तुमचं तुम्ही बघा. आणि हे पट विक्रीचेच आहेत, त्यात गर्दी आणि मोठं बिल दोन्ही आलं. वर पुन्हा सरासरी बिल वाढवलंत तर एकच वाढ दोनदा धरली जाते.

कॅलेंडर बघितलंत? पुन्हा बघा.

बाकीचं थोडक्यात. दिवाळीही सरकते, २०२६ ला ८ नोव्हेंबर. इथल्या चर्चचं मिलाग्रीसचं फेस्त ईस्टरवरून ठरतं. नाताळ जागचा हलत नाही. जून-जुलैचा पट एकाच्या खाली ठेवा, पावसात काठ्याच पडत नाहीत. घाऊकवाल्याला ऑर्डर देताना त्याला महिना सांगू नका, तारीख सांगा. मी यंदा वहीच्या पुठ्ठ्यावरच लाल पेनाने १४ सप्टेंबर लिहून ठेवलीय.