शनिवार धरणाऱ्या मित्राला हनुमान जन्माचा छोटा संदेश कसा लिहावा

चैत्र पौर्णिमेच्या सकाळी मारुतीच्या भक्ताचा मोबाईल एकाच मजकुराने भरतो: ‘मारुतीराया आपली सर्व संकटे दूर करो, सुख-समृद्धी लाभो.’ दर शनिवारी देवळात तेल आणि रुईची माळ घेऊन जाणाऱ्या माणसाला त्यात स्वतःसाठी काहीच सापडत नाही. अशा मित्राला चार ओळी लिहायच्या असतील तर पुढच्या क्रमाने जा.

पहिल्यांदा तारीख नक्की करा. महाराष्ट्रात हा उत्सव चैत्र पौर्णिमेला, सूर्योदयाच्या वेळी होतो, त्यामुळे सूर्योदयाला जी तिथी असेल ती धरतात. पौर्णिमा अनेकदा आदल्या दिवशीच लागलेली असते आणि काही जण तेव्हाच शुभेच्छा पाठवून मोकळे होतात. पंचांगात किंवा भिंतीवरच्या कालनिर्णयात ‘हनुमान जयंती’ कुठल्या तारखेला छापली आहे ते बघा. मित्र तमिळ असेल तर त्याच्याकडे हा उत्सव मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत येतो. त्याला एप्रिलमध्ये पाठवलेला संदेश गोड मानून घेतला जाईल, पण तो त्याचा सण नव्हे.

मग वार बघा. शनिवार धरणाऱ्यासाठी संदेशाचा सगळा रंग यावर ठरतो. 2025 मध्ये जयंती 12 एप्रिलला, नेमकी शनिवारी आली होती. अशा वर्षी एकच ओळ पुरे: ‘यंदा तुझा वार आणि त्याचा जन्म एकाच दिवशी!’ 2026 मध्ये ती 2 एप्रिलला, गुरुवारी आहे. मग त्या दिवशी उपवास गृहीत धरू नका. काही जण जयंतीचा वेगळा उपवास करतात, काही फक्त शनिवारचाच. त्यामुळे ‘उपवासाच्या शुभेच्छा’ लिहिण्यापेक्षा माळ, शेंदूर, तेल यांवर राहिलेले बरे.

तिसरी गोष्ट म्हणजे मित्र शनिवार कशासाठी धरतो ते आठवा. कुणी मारुतीच्या भक्तीने, कुणी शनीची पीडा टळावी म्हणून. मारुतीने शनीला रावणाच्या कैदेतून सोडवले आणि म्हणून त्याच्या भक्तांना शनी छळत नाही, अशी कथा घरोघर सांगतात, तेव्हा दोन्ही कारणे एकाच देवळात येऊन मिळतात. तरीही ‘साडेसाती लवकर सुटो’ असे कधीही लिहू नका. ज्याने आपली अडचण कुणाला सांगितलेली नाही, त्याला सणाच्या सकाळी ते वाक्य टोचते. ग्रुपवर तर नाहीच नाही.

आता मजकूर. मित्र काय करतो त्यातली एकच खरी गोष्ट निवडा. समजा, तो माळ स्वतः ओवतो आणि ऑफिसच्या आधी देवळात जातो. गुरुवारच्या जयंतीसाठी त्याला असे लिहिता येईल:

‘मित्रा, शनिवारी तू रुईची माळ घेऊन ज्याच्या दारी उभा असतोस, त्याचा आज जन्म. या वेळी त्याला शनिवारपर्यंत धीर निघाला नाही! सुंठवड्याची पुडी माझ्यासाठी ठेव. जय बजरंगबली!’

यात शुभेच्छा हा शब्दच नाही आणि तो लागतही नाही. माळ त्याची आहे, वाराची गंमत फक्त शनिवारवाल्यालाच कळेल, आणि सुंठवडा म्हणजे सुंठ, साखर, खोबऱ्याचा जन्माचा खास प्रसाद. तो मागितला की मित्राकडून उत्तर येतेच. माझ्या मते ‘भीमरूपी’तल्या ओळी संदेशात उतरवू नयेत. ज्याला ते स्तोत्र पाठ आहे त्याला त्यातली एक चुकलेली वेलांटीही लगेच दिसते.

ग्रुपसाठी लिहिताना एका माणसाची गोष्ट सोडा आणि ओळी दोनवर आणा: ‘समस्त शनिवारकरी मंडळींना हनुमान जन्मोत्सवाचा नमस्कार. तेल, माळ आणि पाठ असाच चालू राहो.’ ‘जयंती’ की ‘जन्मोत्सव’ यावर काही ग्रुपांत दरवर्षी वाद पेटतो, कारण मारुती चिरंजीव मानला जातो. तुमच्या ग्रुपात जो शब्द रुळला असेल तोच घ्या.

पाठवण्याआधी शुद्धलेखन एकदा तपासा. ‘हनुमान’मधला नु आणि ‘मारुती’मधला रु ऱ्हस्व, शेवटची ती दीर्घ. चित्र जोडत असाल तर फॉरवर्ड आलेल्यावर मागच्या वर्षीची तारीख नाही ना, ते मोठे करून बघा. मित्राच्या देवळातल्या मूर्तीचा फोटो तुमच्याकडे असेल तर तोच लावा. पुण्यात डुल्या मारुतीला जाणाऱ्याला पत्र्या मारुतीचा फोटो पाठवलात तर तो तुम्हाला नक्की सुधारेल.

वेळ शेवटी ठरवा. पहाटे जन्माचे कीर्तन चालू असते, सूर्योदयाला गुलाल-फुले उधळतात, तेव्हा फोन खिशातच असतो. प्रसाद घेऊन लोक घरी परततात त्या सुमारास, सात-साडेसातला, संदेश पोचला तर तो वाचला जातो. आदल्या रात्री पाठवायचाच असेल तर ‘आज’च्या जागी ‘उद्या’ करायला विसरू नका.