गृहकर्जावर जादा व्याज लागलंय? बँक मॅनेजरला पत्र असं लिहा

समजा, तुमचं गृहकर्ज रेपो दराशी जोडलेलं आहे. ६ जून २०२५ ला रिझर्व्ह बँकेने रेपो ६ वरून ५.५० टक्के केला, पण तुमच्या खात्यावर जुन्याच दराने व्याज पडत राहिलं. पत्र लिहायला घेण्याआधी मंजुरीपत्र काढा आणि त्यात व्याजदर बदलण्याची तारीख शोधा. रेपो घटला त्याच दिवशी तुमचा दर घटत नाही. अशा कर्जांवर तो तीन महिन्यांतून किमान एकदा बदलावा लागतो, आणि नेमका कधी ते करारात असतं. ६ जूनपासून हिशेब मांडलात, तर बँक पहिल्याच ओळीत तुमची चूक दाखवेल.

आता कर्ज खात्याचा उतारा घ्या आणि ज्या महिन्याबद्दल वाद नाही, असा एक जुना महिना निवडा. त्यातलं व्याज महिन्याच्या हिशेबाने (मुद्दल × दर ÷ १२) जुळतं की दिवसांच्या (मुद्दल × दर × दिवस ÷ ३६५), ते तपासा. जी पद्धत जुळेल, तीच पुढे वापरा. मग तक्रार फक्त दराची उरते.

उदाहरण घेऊ. १ जुलैला मुद्दल २०,००,००० रुपये, हप्ता २०,०००. करारानुसार १ जुलैपासून दर ८ टक्के हवा होता, बँकेने ८.५० लावला.

| महिना | लावलेलं व्याज | योग्य व्याज |
|---|---|---|
| जुलै | १४,१६७ | १३,३३३ |
| ऑगस्ट | १४,१२५ | १३,२८९ |
| सप्टेंबर | १४,०८४ | १३,२४४ |
| एकूण | ४२,३७६ | ३९,८६६ |

फरक २,५१० रुपये. हप्ता तोच राहिल्यामुळे हे पैसे मुद्दलात जायला हवे होते, ते व्याजात गेले. म्हणून ऑगस्टचं योग्य व्याज बँकेच्या १९,९४,१६७ वर न काढता १९,९३,३३३ या सुधारित मुद्दलावर काढलं आहे. सप्टेंबरअखेर बँकेच्या उताऱ्यात १९,८२,३७६ बाकी दिसते, ती १९,७९,८६६ हवी. पत्रात हे दोन्ही आकडे द्या, कारण दुरुस्ती तिथेच व्हायची आहे.

पत्र एका पानात बसवा:

> प्रति, शाखा व्यवस्थापक
> विषय: गृहकर्ज खाते क्र. ____ वर जादा आकारलेले व्याज
>
> महोदय/महोदया,
> मंजुरीपत्रातील कलम ____ नुसार १ जुलै २०२५ पासून माझा व्याजदर ८ टक्के व्हायला हवा होता. उताऱ्यानुसार सप्टेंबरअखेरपर्यंत ८.५० टक्के आकारला गेला असून २,५१० रुपये जादा व्याज लागले आहे. फेरहिशेब सोबत जोडला आहे. ही रक्कम मूळ तारखांपासून मुद्दलात वळती करून सुधारित उतारा द्यावा. हिशेब मान्य नसल्यास आपला महिनावार हिशेब लेखी कळवावा.

शेवटचं वाक्य गाळू नका. त्यामुळे ‘सिस्टीमनुसार बरोबर आहे’ एवढ्यावर उत्तर संपवणं बँकेला अवघड जातं. मूळ तारखांचा उल्लेखही हवाच. आज नुसते २,५१० जमा केले, तर मधल्या काळातलं त्यावरचं व्याज तुमच्या अंगावर राहतं.

सोबत मंजुरीपत्राचं ते पान आणि खुणा केलेला उतारा जोडा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सहीसह पोच घ्या. वाद मिटेपर्यंत हप्ता मात्र थांबवू नका. उशीर झाला तर दंड लागेल आणि क्रेडिट अहवालात नोंद जाईल. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर हीच कागदपत्रं जोडून cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते.