आयजीएसटीचं क्रेडिट कुठे किती वळवायचं? GSTR-3B भरतानाचा सेटऑफ

दर महिन्याच्या 20 तारखेच्या आसपास अनेक छोट्या व्यापाऱ्यांना एकच कोडं पडतं. GSTR-3B हे जीएसटीचं विवरणपत्र भरताना खरेदीवर दिलेल्या कराचं क्रेडिट भरपूर दिसतं, तरी रोख भरायचं चलन मोठं निघतं. बहुतेक वेळा कारण एकच असतं: आयजीएसटीचं उरलेलं क्रेडिट सीजीएसटी आणि एसजीएसटीमध्ये चुकीच्या प्रमाणात वाटलेलं असतं. कायद्याने ही वाटणी आपल्यावर सोडली आहे, म्हणून ती आधी कागदावर करायची आणि मगच पोर्टलवर जायचं.

आधी क्रम. आयजीएसटीचं क्रेडिट सर्वात आधी आयजीएसटीच्या देण्याला लागतं. त्यातून उरेल ते सीजीएसटी आणि एसजीएसटीला, कोणत्याही क्रमाने आणि कोणत्याही प्रमाणात. पण ते शून्यावर येईपर्यंत बाकीच्या दोन क्रेडिटना हात लावता येत नाही. त्यानंतर सीजीएसटीचं क्रेडिट आधी सीजीएसटीला, उरलं तर आयजीएसटीला. एसजीएसटीचं तसंच, आधी एसजीएसटीला आणि मग आयजीएसटीला. मात्र आयजीएसटीच्या देण्याला ते लावायचं तर सीजीएसटीचं क्रेडिट आधी संपलेलं असावं, असं कलम 49 सांगतं. सीजीएसटीचं क्रेडिट एसजीएसटीला किंवा उलट, हे कधीच चालत नाही. सगळी अडचण या शेवटच्या भिंतीमुळे होते.

‘आयजीएसटीचं उरलेलं सगळं आधी सीजीएसटीला लावा’ हा सल्ला अजून ऐकू येतो. त्याचं मूळ 2019 सालात आहे. 1 फेब्रुवारी 2019 पासून कलम 49ए लागू झालं आणि आयजीएसटीचं क्रेडिट आधी संपवणं सक्तीचं झालं. जुन्या क्रमाशी ते जोडून वाचलं की उरलेली सगळी रक्कम आधी सीजीएसटीकडे जायची आणि एसजीएसटी रोखीने भरायची पाळी यायची. 29 मार्च 2019 रोजी नियम 88ए आला आणि वाटणीची मोकळीक मिळाली. तो सल्ला आता सोडून द्यायला हरकत नाही.

आता हिशेब. पुण्यातला एक विद्युत साहित्याचा व्यापारी धरू. थोडा माल गुजरातहून येतो, थोडा स्थानिक बाजारातून. मागचं शिल्लक धरून महिन्याचे आकडे असे:

| | देणं | क्रेडिट |
|---|---|---|
| आयजीएसटी | 40,000 | 1,00,000 |
| सीजीएसटी | 90,000 | 65,000 |
| एसजीएसटी | 90,000 | 45,000 |

एकूण देणं 2,20,000 आणि एकूण क्रेडिट 2,10,000. म्हणजे रोख किमान 10,000 लागणारच. त्याहून जास्त लागली तर वाटणी चुकली.

पहिली पायरी: आयजीएसटीच्या क्रेडिटमधून 40,000 आयजीएसटीला. उरले 60,000.

दुसरी पायरी, आणि हीच महत्त्वाची: प्रत्येक कराची तूट काढा. तूट म्हणजे देणं वजा त्याच कराचं स्वतःचं क्रेडिट. इथे सीजीएसटीची तूट 25,000 आणि एसजीएसटीची 45,000. आयजीएसटीचे उरलेले पैसे आधी या तुटीत जायला हवेत. दोन्ही मिळून तूट 70,000 आणि हाती 60,000, त्यामुळे कुठल्याही बाजूला तुटीपेक्षा जास्त टाकायचं नाही. सीजीएसटीला 25,000 आणि एसजीएसटीला 35,000 दिले, तर पुढचं स्वतःच्या क्रेडिटमधून भागतं आणि एसजीएसटीचे फक्त 10,000 रोख उरतात. 20,000 आणि 40,000 असं वाटलं तर दोन्हीकडे पाच-पाच हजार रोख. एकूण तेच.

चुकतं कसं ते पाहा. सगळे 60,000 सीजीएसटीला टाकले, तर तिथे फक्त 30,000 देणं उरतं आणि सीजीएसटीचं 35,000 क्रेडिट तसंच पडून राहतं. पलीकडे एसजीएसटीचं 45,000 क्रेडिट संपतं आणि 45,000 रोख भरावे लागतात. ‘निम्मं-निम्मं’ हा सोपा मार्गही इथे नडतो. 30,000-30,000 केलं तर सीजीएसटीत 5,000 शिल्लक राहतात आणि एसजीएसटीत 15,000 रोख जातात. दोन्हीकडचं स्वतःचं क्रेडिट समान असेल तेव्हाच डोळे मिटून निम्मं करावं.

अडकलेलं क्रेडिट बुडत नाही, पुढच्या महिन्यात ते सीजीएसटीला किंवा आयजीएसटीला वापरता येतं. पण खेळतं भांडवल विनाकारण सरकारकडे अडकतं, आणि हाच असमतोल पुढच्या महिन्याच्या हिशेबातही डोकावतो.

उलट परिस्थितीही येते. पहिल्या पायरीनंतर 60,000 ऐवजी 1,00,000 उरले असते, तर ते तुटीपेक्षा 30,000 जास्त झाले असते. ते राखून ठेवता येत नाहीत, आयजीएसटी आधी संपवावंच लागतं. इथे रोख शून्य, प्रश्न एवढाच की मागे काय ठेवायचं. सीजीएसटीला 40,000 आणि एसजीएसटीला 60,000 लावले, तर दोन्हीकडे 15,000-15,000 क्रेडिट शिल्लक राहतं. स्थानिक विक्री दोन्ही कर समान लावते, त्यामुळे शिल्लकही समान ठेवलेली बरी.

हे सगळं करण्याआधी रिव्हर्स चार्जचं, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने भरायच्या कराचं, देणं बाजूला काढा. उदाहरणार्थ, माल वाहतूक एजन्सीच्या 20,000 रुपये भाड्यावर 5 टक्क्यांनी राज्यातल्या राज्यात 500 सीजीएसटी आणि 500 एसजीएसटी लागला, तर ते हजार रुपये रोखीनेच भरायचे, क्रेडिट कितीही असलं तरी. व्याज आणि विलंब शुल्कही रोखीनेच. महिन्याची करपात्र विक्री 50 लाखांच्या वर असेल तर नियम 86बी पाहा. अपवादात बसत नसाल, तर किमान 1 टक्का देणं रोखीने भरावं लागतं. आणि गोव्यातल्या हॉटेलच्या बिलावरचा गोव्याचा एसजीएसटी महाराष्ट्राच्या नोंदणीवर क्रेडिट म्हणून मोजू नका. तो त्या राज्याचा कर आहे.

पोर्टलवर GSTR-3B च्या 6.1 तक्त्यात पोर्टल स्वतःची वाटणी आधीच भरून दाखवतं. ती सूचना आहे, बदलता येते. कागदावरच्या आकड्यांशी ताडून पाहा, गरज असेल तर चौकटी दुरुस्त करा आणि रोखीच्या रकान्यातली बेरीज एकूण देणं वजा एकूण क्रेडिट इतकी येते का ते बघा. कमी पडलेल्या रकमेचं चलन (PMT-06) नेमक्या शीर्षाखाली काढा. सीजीएसटीखाली भरलेली रोकड एसजीएसटीला थेट लागत नाही. शीर्ष चुकलं तर PMT-09 ने रोख लेजरमधली रक्कम योग्य शीर्षात वळवता येते. क्रेडिटला मात्र अशी सोय नाही. एकदा सेटऑफ करून क्रेडिट वजा झालं की ती वाटणी मागे फिरवता येत नाही, म्हणून बटण दाबण्याआधीच आकडे जुळवा.

गेल्या महिन्यांत चूक झाली का, हे शोधायला वेळ लागत नाही. क्रेडिट लेजर आणि रोख लेजर शेजारी ठेवा. एखाद्या महिन्यात सीजीएसटीचं क्रेडिट शिल्लक राहिलं आणि त्याच वेळी एसजीएसटी रोखीने भरला गेला (किंवा उलट), तर त्या महिन्याचा 6.1 तक्ता उघडून आयजीएसटीचं क्रेडिट कुठे गेलं ते पाहा. तिथे आयजीएसटीचं क्रेडिट वापरलेलंच नसेल तर ती चूक नव्हे, ते टाळता आलंच नसतं.