पत्रिकेतली कार्टून बोलायला लागली

दादाच्या कार्टूनवाल्या लग्नपत्रिकेचा पहिला नमुना देवगडच्या घरी दाखवला, तर आजी म्हणाली, "ह्यो कोण? आमचो झील न्हय!"

चूक फोटोची होती. मी चित्रकाराला सेल्फी पाठवली होती. हातभर अंतरावरून काढल्यावर नाक मोठं दिसतं, कान मागे जातात, आणि कार्टूनमध्ये तेच आणखी फुगतं. मग ओटीवरच्या उजेडात, पाच-सहा फुटांवरून, एक समोरून आणि एक जरा तिरका असे फोटो काढले. दादाची खळी आणि वहिनीचा चष्मा सोडू नका, असं बजावलं. (वहिनीला चष्मा नको होता, पण त्याशिवाय ती कोणाला ओळखूच येईना.)

मजकुराचा घोळ वेगळाच. हसऱ्या कार्टूनखाली "आमचे येथे श्रीकृपेकरून" विचित्र वाटत होतं, आणि काढायला बाबा तयार नव्हते. शेवटी पुढची बाजू जोडप्याला दिली, मागची वडीलधाऱ्यांना. मागे कुलदेवता, मुहूर्त, निमंत्रक जसेच्या तसे. पुढे होडीत बसलेली दोघं बोलतात:

दादा: "लगीन आमचा, पण मांडव तुमचो. आदल्या दिसाकच येवा!"
वहिनी: "सोलकढी तयार आहे, फक्त तुम्ही यायचे बाकी."

आधी फुग्यांत चार-चार ओळी होत्या. मोबाइलवर त्या मुंग्यांसारख्या दिसायच्या. एकेक वाक्य ठेवल्यावर आजीने चष्मा न लावता वाचलं. आणि म्हणाली, "होडयेत माका पण बसव."